उठून जायचा आकडा

सीताराम दळवी जुन्या गाड्यांचा दलाल होता आणि दलालाबद्दल कुणी चांगलं बोलावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती. घाटकोपरला चंद्रप्रकाशच्या गॅरेजबाहेर एक लोखंडी खुर्ची होती, ती त्याची पेढी. फोन गॅरेजचा, चहा समोरच्या टपरीचा. घेणाऱ्याकडून पाचशे आणि विकणाऱ्याकडून पाचशे, भाव काहीही ठरो, असा त्याचा दर होता. टक्केवारी तो घेत नसे. टक्केवारीचा दलाल कळत-नकळत भाव चढवतो, आणि घेणाऱ्याला त्याचा वास लगेच येतो.

गाडी दाखवायच्या आधी दोन्ही पार्टींना वेगवेगळं बसवून तो एकच प्रश्न विचारी. तुम्ही कितीला उठून जाल? लोकांना हा प्रश्न अपशकुनी वाटे. अजून बसलो नाही तोच उठायचं कसलं? पण तो आकडा ऐकल्याशिवाय सीताराम गाडीची चावी हातात घेत नसे. एकाचा आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही, हाही त्याचा नियम होता. बावीस वर्षांत त्याने तो मोडला नव्हता, बायकोच्या सख्ख्या काकासाठीसुद्धा. ते काका अजून त्याच्याशी बोलत नव्हते.

शहाऐंशी साली त्याचे मेहुणे दशरथ परब मुलुंडहून त्याच्याकडे आले तेव्हा त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही. दशरथ मिलमध्ये ड्रायव्हर होते. आधी सांच्यावर, म्हणजे मागावर होते. तिथे उजव्या हाताची करंगळी अर्धी गेली, मिलने आठवडाभर रजा आणि टिंक्चरची एक बाटली दिली, आणि नंतर त्यांना मिलच्या व्हॅनवर बसवलं. संप झाला, मिल बंद पडली, व्हॅन कुणीतरी नेली. चार वर्षं दशरथांनी मिळेल ते केलं. आता हिशोबाचे म्हणून जे काही पैसे हातात आले होते, त्यातून त्यांना मुलुंडला मोटार ट्रेनिंग स्कूल काढायचं होतं. पाटीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरलं होतं. राहिली होती फक्त गाडी.

सीतारामकडे बोरिवलीची एक फियाट होती, शहात्तरची, एका हाताची, टायर नवे. दशरथांना ती ऐकूनच आवडली.

"कितीपर्यंत जाल, भावोजी?"

"चांगली असेल तर जाऊ की पस्तीसपर्यंत."

सीतारामने त्यांना खुर्चीवरून उठवलं आणि गॅरेजच्या आत नेलं. तिथे चौऱ्याहत्तरची दुसरी एक फियाट उभी होती. मालक चोवीस हजार घेऊन ती सोडायला तयार होता. इंजिनाचं काम चंद्रप्रकाश पाच हजारांत करून देणार. म्हणजे एकोणतीस हजारांत ही गाडी रस्त्यावर. बोरिवलीची गाडी हिच्यापेक्षा किती चांगली, ते सीतारामने विचारलं. दशरथांनी बॉनेट उघडलं, खाली वाकून पाहिलं, विचार केला. टायरचे हजार धरले, आणि काम होईपर्यंत महिनाभर शाळा बंद राहणार त्याचे हजार धरले. दोन हजारांनी चांगली, असं ते म्हणाले.

"मग तुमचा आकडा एकतीस. बोरिवलीवाल्याने एकतीसच्या वर एक रुपया मागितला, तर उठायचं आणि ही घ्यायची. पस्तीस तुमच्या मनात आहेत. मनाला काय, ते पन्नासही देईल."

दशरथांनी एकतीस हा शब्द दोनदा पुटपुटला. त्यांच्याकडे सगळे मिळून चाळीस होते, पण त्यातून शिकाऊ माणसाच्या शेजारी बसणाऱ्याचे जादा ब्रेक-क्लच बसवायचे होते, परवान्याचा खर्च होता, आणि पहिले काही महिने घर चालवायचं होतं. गाडीवर पाच-सहा हजार जास्त गेले असते तर शाळा पाटीपुरतीच राहिली असती. सीतारामची धाकटी बहीण सुगंधा, म्हणजे दशरथांची बायको, आदल्या दिवशीच भावाला बजावून गेली होती.

"दादा, माका आकडो-बिकडो नको सांगू. फक्त सांग, शाळा सुरू व्हतली की नाय?"

व्हतली, असं सीतारामने सांगून टाकलं होतं. म्हणजे आता शब्द त्याचाही अडकला होता.

बोरिवलीचे गाडीमालक शिवदास मसुरकर हे विमा कंपनीतून नुकतेच निवृत्त झालेले. त्र्याऐंशीत नोंदवलेल्या मारुतीचा नंबर त्यांना लागला होता आणि उरलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीस भरायची होती. त्यांनीही पहिल्यांदा पस्तीसच सांगितले होते. पस्तीस हा आकडा लोकांना का आवडतो ते सीतारामला कधी कळलं नाही. त्याने त्यांना विचारलं, की मी नसतोच, तर ही गाडी तुम्ही काय केली असती? शिवदास म्हणाले, अंधेरीचा एक गाड्यांचा व्यापारी रोख सत्तावीस द्यायला तयार आहे. पुढच्या महिनाअखेरपर्यंत कधीही नेऊन उभी करा म्हणतो.

"मग तुमचा आकडा सत्तावीस. सत्तावीसच्या वर जे मिळेल ते माझ्यामुळे मिळालं समजा. आणि कुणी खाली मागितलं तर सरळ अंधेरीला जा."

शिवदासांना आपली गाडी सत्तावीसची आहे हे ऐकून वाईट वाटलं. गाडी सत्तावीसची नाही, तुमचं उठणं सत्तावीसचं आहे, असं सीतारामने त्यांना समजावलं. गाडीची किंमत त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडते आणि कुठे पडते ते बसून बोलल्यावर कळतं.

खुर्चीवर परत येऊन त्याने स्वतःशी हिशोब केला. सत्तावीस ते एकतीस. याला तो पट्टा म्हणत असे. चार हजारांचा पट्टा चांगला रुंद होता. त्यात सौदा कुठेही ठरला तरी दोघंही उठून जाण्यापेक्षा फायद्यात राहिले असते. कोण जास्त आणि कोण कमी, एवढाच काय तो प्रश्न. असे पट्टे नेहमी मिळत नाहीत. मागच्याच महिन्यात एका डॉक्टरांची अॅम्बेसेडर होती. डॉक्टर चाळीसच्या खाली उठणार आणि घेणारा छत्तिसाच्या वर उठणार. दोघं सज्जन, दोघं गोड बोलणारे, आणि दोघांच्यामध्ये पट्टाच नाही. सीतारामने दोघांना चहा पाजून घरी पाठवलं होतं. तिथे ब्रह्मदेव आला असता तरी त्याला चहाच पाजावा लागला असता.

इथवर सगळं व्यवस्थित होतं. मग सीतारामने गाडी बघायला जाताना बहीण आणि भाची दोघींना बरोबर नेलं. हा त्याचा गाढवपणा होता आणि नंतर तो त्याने स्वतःच्या तोंडाने कबूलही केला.

बोरिवलीच्या सोसायटीच्या आवारात फियाट धुऊन-पुसून उभी होती. शिवदासांचा मुलगा श्यामकांत गाडी चालू करून दाखवत होता. सीतारामची भाची नंदा टेलिफोन खात्यात नोकरीला होती. तिने त्याला विचारलं की थंड इंजिन एका चावीत लागतं का, की आम्ही यायच्या आधी तुम्ही गरम करून ठेवलंय. श्यामकांत लाल झाला आणि म्हणाला, गरम करून ठेवलंय. वरच्या गॅलरीतून त्याची आई सुहासिनी हे सगळं ऐकत होती. त्याच संध्याकाळी तिचा गॅरेजवर फोन आला. मसुरकरही मालवणकडचे, परबही मालवणकडचे, मुलगी तोंडाने स्पष्ट आहे, तुम्ही मामा आहात, तेव्हा शब्द टाका.

सीतारामने शब्द टाकला. मामा म्हणून त्याला कोण आनंद झाला. पत्रिका जुळली, मुलामुलीने होकार दिला, हुंडा घेणार नाही असं मसुरकरांनी स्वतःहून सांगितलं. तीन आठवड्यांत सगळं ठरलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की गाडीचा भाव राहिलाय.

भाव ठरवायला रविवारी सगळे बोरिवलीला जमले. सीतारामने बावीस वर्षांत हजारो सौदे पाहिले होते, पण तसा एक पाहिला नव्हता.

शिवदासांनी सुरुवात केली. व्याह्यांकडून काय घ्यायचं, पंचवीस द्या म्हणाले. सीतारामच्या हातातली बशी कलली. अंधेरीवाल्यापेक्षा दोन हजार कमी, तेही पहिल्याच वाक्यात. पण शिवदासांचंही बरोबर होतं. हुंडा घेणार नाही असं मोठ्या तोंडाने सांगून मुलीच्या बापाकडून गाडीचे रग्गड पैसे घेतले, तर सोसायटीत काय बोललं गेलं असतं ते सुहासिनीने त्यांना आदल्या दिवशी जेवताना सविस्तर सांगितलं होतं.

दशरथ म्हणाले, छे छे, असं कसं. बाजारात अशा गाडीला तेहतीस मिळतात. तेहतीसच घ्या. त्यांचंही बरोबर होतं. बापाने सासरची गाडी स्वस्तात लाटली, हे नंदाला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

शिवदास दुखावले. पंचवीसही जास्त झाले म्हणाले, चोवीस. दशरथांनी चौतीस केले. शिवदास तेवीसवर आले. विकणारा भाव पाडत होता, घेणारा चढवत होता, आणि मध्ये चार हजारांचा रुंद पट्टा रिकामा पडला होता. दोघंही आपापला उठून जायचा आकडा केव्हाच ओलांडून गेले होते, आणि उठत मात्र कुणीच नव्हतं. सुगंधा नवऱ्याकडे बघत होती. तिला आकडे नको होते, पण तेवीस आणि चौतीस हे शब्द कळण्याइतकी ती शहाणी होती. अखेर सुहासिनीने पानं वाढली आणि वडे-सागोती खाऊन सगळे हसतमुखाने पांगले. भाव ठरला नाही.

सोमवारी गॅरेजवर दोन फोन आले. पहिला दशरथांचा. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"सीताराम, त्यांनी चौतीसला हो म्हटलं असतं तर मी मेलो असतो रे. शाळा गेलीच होती."

मग चौतीस म्हणालात कशाला, असं सीतारामने विचारलं. मग काय म्हणायचं, असं दशरथांनी विचारलं. आणि शेवटी ते म्हणाले, की तू काहीतरी कर, पण माझा आकडा त्यांना कळता कामा नये. मुलीच्या बापाला एकतीसच परवडतात हे त्यांना कशाला?

दुसरा फोन शिवदासांचा. व्याही तेवीसला हो म्हणाले असते तर अंधेरीच्या तुलनेत चार हजारांचा खड्डा, आणि मारुतीची रक्कम भरायची कुठून? दळवी, काहीतरी करा. पण मी सत्तावीसला अडलोय हे त्यांना सांगू नका, बरं दिसत नाही.

सीतारामला दोघांचा मनापासून राग आला. धंद्यात त्याने लबाड पाहिले होते, कंजूष पाहिले होते, बंद पडलेली गाडी उतारावर उभी करून चालू आहे म्हणून दाखवणारे पाहिले होते. त्या सगळ्यांशी सौदा होतो. त्यांना आपलं हित कळतं आणि ते धरून ते बसतात. या दोन भल्या माणसांपुढे मात्र त्याची अक्कल चालेना. त्याने स्वतः एकोणतीस असा आकडा सांगितला असता तर काम झालं असतं का? नसतं झालं. तो मुलीचा मामा होता, त्याचा कुठलाही आकडा एका बाजूला झुकलेला वाटला असता. आणि त्याहून वाईट म्हणजे एकोणतीस म्हटल्याबरोबर एक जण सौजन्याने अठ्ठावीस म्हणाला असता आणि दुसरा सौजन्याने तीस. आकडा तोंडातून निघाला की त्याला अब्रू चिकटते.

त्यात बुधवारी गॅरेजमधल्या जुन्या फियाटचा मालक आला आणि चोवीसचे तेवीस करून गेला. त्याला गावी जायची घाई होती. सीतारामने तिथल्या तिथे दशरथांना निरोप पाठवला. दुसरी गाडी हजाराने उतरली, म्हणजे तुमचं एकतीस आता तीस झालं. दशरथांची उलट टपाली शंका आली, की बोरिवलीची गाडी तर तीच आहे, मग तिचा आकडा का बदलावा? सीतारामने सांगितलं, की आकडा त्या गाडीचा कधी नव्हताच, तो ती न घेता तुम्ही जे कराल त्याचा आहे. पट्टा आता सत्तावीस ते तीस. तरीही पुरेसा होता. फक्त माणसांना धरून तिथे आणायचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी सीताराम खुर्चीवर बसून राहिला आणि त्याला वडील आठवले. वडील गुरांच्या बाजारातले दलाल होते. बैलाचा भाव तिथे कुणी तोंडाने बोलत नसे. घेणारा आणि विकणारा पंच्याखाली हात घालायचे. एक जण हवी तेवढी बोटं पुढे करी, दुसरा ती मुठीत धरून मोजी. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला कळत नसे, आणि सौदा फिसकटला तरी कुणाचं तोंड खाली होत नसे. सीतारामला लहानपणी ते लपवाछपवीचं वाटे. आता पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपला बाप हुशार होता. हे वाटायला बाप जाऊन अकरा वर्षं व्हावी लागली, याचं त्याला वाईटही वाटलं.

पुढच्या रविवारी तो एक कोरा पंचा घडी करून बोरिवलीला घेऊन गेला. घराण्याची रीत आहे, मामाने भाव पंच्याखाली ठरवायचा असतो, असं त्याने जाहीर केलं. रीत म्हटल्यावर सुहासिनीने हरकत घेतली नाही. उलट पंच्याला हळदकुंकू लावू का विचारलं.

त्याआधी त्याने दोघा व्याह्यांना एकेकटं गॅलरीत नेलं होतं आणि दोघांना तेच सांगितलं होतं. पंचवीस हजार धरून चालायचं, वरचे हजार बोटांवर. पूर्ण पंजा म्हणजे पाच. तोंडाने काय हवं ते बोला, पण हाताने फक्त स्वतःचं बघा.

"पण त्यांना फार लागलं तर?" दशरथांनी विचारलं होतं.

"त्यांना हात आहे ना? नाही परवडलं तर काढून घेतील. त्यांची काळजी तुम्ही वाहायची नाही. गेल्या रविवारी वाहिलीत, काय झालं बघितलंत."

दिवाणावर दोघं समोरासमोर बसले. सीतारामने दोघांच्या उजव्या हातांवर पंचा टाकला आणि त्याची टोकं धरून मध्ये बसला. आत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं, पण वडील कोपराकडे बघून भाव सांगायचे आणि ती विद्या त्यालाही थोडी आली होती.

वर शिवदास म्हणाले, की गाडी तुमचीच समजा, पैशाचं काय एवढं. खाली त्यांनी अख्खा पंजा दिला आणि मग आणखी दोन बोटं. बत्तीस. वर दशरथ म्हणाले, की तुम्ही मागाल ते आम्हाला मान्य आहे. खाली त्यांनी एक बोट दिलं. सव्वीस. शिवदासांच्या भुवया किंचित वर गेल्या आणि चेहऱ्यावर एक समाधान आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना समोर एक घेणारा भेटला होता.

मग हॉल कुठला घ्यायचा यावर बोलणं निघालं. दशरथ मुलुंडचा म्हणत होते, शिवदास म्हणाले मुलीकडच्यांची सोय महत्त्वाची, मुलुंडच. हे बोलताना त्यांनी पंजा दिला, फक्त पंजा. तीस. दशरथांनी दोन बोटं दिली. सुहासिनी आतून म्हणाली, की जेवणावळीचा खर्च अर्धा अर्धा. दशरथ म्हणाले, अजिबात नाही, तो आमचा मान. आणि खाली शिवदासांच्या चार बोटांना त्यांनी तीन बोटं दिली. दोन्ही हात तिथे अडले. एकोणतीस आणि अठ्ठावीस. वर दोघं एकमेकांच्या गावच्या देवळांचं कौतुक करत राहिले, खाली शिवदास चार बोटं परत परत देत होते आणि दशरथ तीन. पंचा हलत होता. सीतारामला इतकं शांत बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. दोघंही पट्ट्यात होते, आणि एकदा पट्ट्यात आलेली माणसं भांडली तरी घरी गाडी घेऊनच जातात.

सुगंधा दाराशी उभी होती. तिने भावाकडे पाहिलं. त्याने मान हलवली नाही, पण पापणी मिटली.

शेवटी दशरथांनीच ढील दिली. त्यांच्या कोपराची शीर ताणली गेली आणि सीतारामला कळलं, की त्यांनी चारही बोटं पुढे केली, तर्जनी, मधलं, अनामिका आणि करंगळी. एकोणतीस. तीसच्या आत आहे, घेऊन टाका, असा तो हात होता.

शिवदासांनी बोटं मुठीत धरली. मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली आणि शेवटच्या बोटाशी थांबले. जिथे नख असायला हवं तिथे काहीच नव्हतं. देवळांचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. दशरथ चारचौघांत ते बोट मुठीत आत घेऊन बसत, त्यामुळे शिवदासांना आतापर्यंत ते दिसलं नव्हतं. बराच वेळ त्यांचा अंगठा त्या थोटकावर होता. मग त्यांनी हात बाहेर काढला.

"साडेतीन," ते म्हणाले. "पटलं मला."

"चार," दशरथ म्हणाले. "मी चार दिली होती."

"मी हाताने मोजलीत, व्याही. साडेतीनच आहेत."

सुहासिनीने कसले साडेतीन म्हणून विचारलं. दोघं सीतारामकडे बघत होते. दशरथांचा चेहरा गोरामोरा झाला होता. चूक त्यांच्या फायद्याची होती आणि ती त्यांना पचत नव्हती. सीतारामने पंच्याची घडी घालायला घेतली. एकोणतीसही पट्ट्यात होते, साडेअठ्ठावीसही पट्ट्यात होते, सौदा दोन्हीकडे टिकणारा होता. मग त्याला आठवलं, की वडिलांच्या बाजारात यावर तंटा झाला की एकच निवाडा असे.

"पंच्याखाली हाताला जे लागलं ते ठरलं," तो म्हणाला. "दिलेलं धरत नाहीत."

शिवदासांनी आतून पेढे मागवले. सीतारामने मनात हिशोब करून पाहिला. सत्तावीसला उठणाऱ्याला दीड हजार जास्त, तीसला उठणाऱ्याला दीड हजार वाचले. बावीस वर्षांत सौदा बरोबर मध्यावर पडलेला त्याने पाहिला नव्हता, आणि आज तो पडला तो एका बंद मिलच्या सांच्यामुळे.

पुढच्या शनिवारी बँकेचा ड्राफ्ट पाकिटातून दिला गेला आणि दशरथ फियाट घेऊन मुलुंडला निघाले. शेजारी सीताराम, मागे सुगंधा आणि नंदा. सुगंधाने तिचा एकच प्रश्न पुन्हा विचारला आणि सीतारामने व्हतली म्हटलं. या वेळी ते म्हणताना त्याला भीती वाटली नाही. ती मागे बसून रडली, आणि नंदाने तिला खिडकीची काच कशी खाली करायची ते दाखवलं.

घाटकोपरला सीतारामला उतरायचं होतं. दशरथांनी गाडी गॅरेजसमोर उभी केली. स्टिअरिंगवर त्यांचा उजवा हात तसाच होता आणि ते करंगळीकडे बघत होते.

"मिलने याची टिंक्चरची बाटली दिली होती," ते म्हणाले. "आज पाचशे आले."

मग त्यांनी खिशातून शंभराच्या पाच नोटा काढून सीतारामपुढे धरल्या. दलाली. सख्ख्या नात्यातही सीतारामने ती कधी सोडली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. सीतारामने नोटांकडे पाहिलं आणि दार उघडून बाहेर पाय टाकला.

"ठेवा, भावोजी. पंच्याखालच्या सौद्यात दलाल घेणाऱ्याकडून काही घेत नाही. रीतच आहे तशी."

दशरथांनी खरंच का म्हणून विचारलं. खरंच, म्हणाला सीताराम, आणि दार लावून खुर्चीकडे गेला. त्याचे वडील दोन्हीकडून घेत असत, आणि वर दोघांच्या पैशाने चहा पीत असत.